कर्जाचा हप्ता: त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती

आजचा विषय तसा छोटा आहे. धंद्यासाठी कर्ज काढलं, तर ते आपल्या वहीत कसं लिहायचं, आणि दर महिन्याला जो हप्ता जातो त्याचे दोन भाग कसे करायचे. समोर डाळमिलवाले, जिनिंगवाले बसलेले दिसतात, काही हिशेब लिहिणारी तरुण मंडळी आहेत. लिहिणाऱ्यांना यातलं बरंच माहीत असेल. तरी थोडं थांबा, कारण मी ज्या चुका सांगणार आहे त्या मालकांनी नाही, आपणच केलेल्या असतात.

एक उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. अकोल्याला डाळीचा धंदा जुना. तिथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही मिनी दालमिल' विकसित केली, आणि त्यानंतर डाळ पाडणं हा फक्त मोठ्या गिरण्यांचा धंदा राहिला नाही. समजा, आपल्यातल्याच एकानं तशीच एक छोटी मिल टाकली. मिल, प्रतवारीचं यंत्र, मोटारी, वायरिंग असं सगळं धरून साडेबारा लाख रुपये. त्यात अडीच लाख स्वतःचे आणि दहा लाख बँकेचं मुदत कर्ज. व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता २२,२४४ रुपये. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, तुमचा दर वेगळा असेल. रीत तीच.

आता पहिल्या दिवसाची गोष्ट. कर्ज मंजूर झालं म्हणजे पैसे आपल्या चालू खात्यात येतात, असं लोकांना वाटतं. यंत्राच्या कर्जात बहुधा तसं होत नाही. बँक आपले अडीच लाख चालू खात्यातून घेते, त्यात स्वतःचे दहा लाख घालते आणि साडेबारा लाख थेट यंत्रवाल्याला पाठवते. हिशेब लिहिणारा काय करतो? तो चालू खात्याचा उतारा समोर ठेवून नोंदी करतो. त्याला त्यात फक्त अडीच लाख गेलेले दिसतात. तो लिहितो, यंत्र अडीच लाख. दहा लाखांचं कर्ज वहीत येतच नाही, कारण ते त्या उताऱ्यात आलेलंच नाही. पुढच्या महिन्यापासून हप्ते जायला लागतात, ते तो कर्ज खात्याला नावे टाकतो, आणि वर्षाखेरीस ताळेबंद असं सांगतो की बँकच आपलं देणं लागते! हसू नका, असे ताळेबंद मी पाहिलेत.

बरोबर नोंद अशी: यंत्र खाते नावे १२,५०,०००. कर्ज खाते जमा १०,००,०००. चालू खाते जमा २,५०,०००. तीन ओळी, एकच नोंद, तारीख बँकेनं पैसे सोडले ती. कर्ज खातं टॅलीत `Secured Loans` या गटाखाली उघडायचं. आणि दहा लाख आले म्हणून ती कमाई नाही. ते नफा-तोटा पत्रकात कुठंच जात नाहीत, ताळेबंदात देणं म्हणून बसतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता हप्ता. महिना संपला, २२,२४४ रुपये गेले. हा खर्च का?

(श्रोत्यांतून: साहेब, पैसा तं पूर्णच गेला नं खात्यातून. मंग खर्च काहून नाही?)

बरोबर विचारलंत भाऊ. पैसा पूर्ण गेला, पण सगळा एकाच कारणानं गेला नाही. दहा लाख आले तेव्हा ती कमाई नव्हती, हे आत्ताच बोललो. मग त्यातलेच पैसे परत करणं हा खर्च कसा होईल? शेजाऱ्याकडून दोन पोती तूर उसनी आणली आणि परत केली, तर आपला तोटा झाला नाही. त्यानं दोन पोत्यांवर दोन पायल्या जास्त मागितल्या, तर त्या दोन पायल्या खर्च. हप्त्यातला तो 'जास्त'चा भाग म्हणजे व्याज. बाकीचं मुद्दल, त्यानं फक्त देणं कमी होतं.

मग यंत्राचा खर्च धरायचाच नाही का? धरायचा, पण दुसऱ्या वाटेनं. यंत्रावर दरवर्षी घसारा लागतो. साडेबारा लाखांवर १५ टक्क्यांनी पहिल्या वर्षी १,८७,५०० रुपये. यंत्र झिजतं त्याचा खर्च असा लिहिला जातो. वर पुन्हा मुद्दलाचा हप्ताही खर्चात टाकला, तर एकच यंत्र दोनदा खर्ची पडलं. करअधिकारी हे पहिल्या नजरेत ओळखतो.

आता व्याज किती ते काढू. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर कटमितीचं व्याज म्हणायचे. जेवढी रक्कम जेवढे दिवस आपल्याकडे राहिली, तेवढ्याचंच व्याज. मध्ये काही परत दिलं, तर त्या मितीपासून तेवढी रक्कम वजा. आजची बँक संगणकावर तेच करते. १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का. पहिल्या महिन्यात दहा लाख पूर्ण आपल्याकडे होते, म्हणून व्याज १०,०००. हप्ता २२,२४४. उरले १२,२४४, ते मुद्दलात गेले. आता बाकी ९,८७,७५६. दुसऱ्या महिन्याचं व्याज या बाकीवर, म्हणजे ९,८७८, आणि मुद्दल १२,३६६. तिसऱ्या महिन्यात व्याज ९,७५४ आणि मुद्दल १२,४९०. हप्ता तोच, पण आतली वाटणी दर महिन्याला बदलते. व्याज उतरतं, मुद्दल चढतं. म्हणून 'दर महिन्याला व्याज दहा हजार' असा एकच आकडा धरून साठ नोंदी मारता येत नाहीत.

बाराही महिने असं केलं तर पहिल्या वर्षी हप्ते गेले २,६६,९२८. त्यातलं व्याज १,११,६४५ आणि मुद्दल १,५५,२८३. वर्षाखेरीस बाकी ८,४४,७१७.

या आकड्यांनी काय फरक पडतो ते बघा. समजा घसारा आणि व्याज धरण्याआधी मिलचा नफा सहा लाख आहे. घसारा वजा, व्याज वजा, खरा नफा उरतो ३,००,८५५. एकानं पूर्ण हप्ता खर्चात टाकला. त्याचा नफा दिसतो १,४५,५७२, आणि ताळेबंदात कर्ज अजून दहाच्या दहा लाख. दुसऱ्यानं उलट केलं, पूर्ण हप्ता कर्ज खात्यालाच नावे टाकला. त्याचा नफा दिसतो ४,१२,५००. एक लाख अकरा हजारांचं व्याज त्यानं भरलं, पण खर्चात मागितलंच नाही, त्यावर कर मात्र भरला. आणि त्याच्या वहीत कर्जाची बाकी ७,३३,०७२. बँकेला विचारा, ती सांगेल साडेआठ लाखांच्या आसपास.

ही बाब कधी उघडी पडते? तुरीचा हंगाम आला की. जानेवारी-फेब्रुवारीत बाजार समितीत तूर येते, माल भरायला कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी असते, तेव्हा बँक ताळेबंद मागते. माझ्याकडं एक गिरणीमालक असेच आले होते. त्यांचे हप्ते एकही दिवस चुकलेले नव्हते. पण वर्षानुवर्षं पूर्ण हप्ता खर्चात टाकलेला, त्यामुळं नफा नाममात्र आणि कर्ज जसंच्या तसं. अधिकाऱ्यानं कागद परत केले. म्हणाला, तुमचा ताळेबंद आमच्याच पुस्तकाशी जुळत नाही, त्यावर विश्वास कसा ठेवू? मागची विवरणपत्रं भरून झालेली होती. ते निस्तरेपर्यंत हंगाम निघून गेला आणि त्यांनी बाहेरून महाग व्याजानं पैसे उचलले.

तर आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण हप्ता गेला की त्याच दिवशी त्याचे दोन तुकडे करतात, तक्त्यात बघून. एक्सेलमध्ये तो तक्ता सहज होतो:

```
=PMT(12%/12, 60, -1000000)
=IPMT(12%/12, 2, 60, -1000000)
```

पहिल्या सूत्रानं हप्ता येतो, दुसऱ्यानं दुसऱ्या महिन्याचं व्याज. पण माझं म्हणणं असं आहे की नोंदीसाठी हा तक्ता वापरू नका. तो अंदाजासाठी ठेवा. नोंदीसाठी बँकेकडून कर्ज खात्याचा उतारा घ्या, चालू खात्याचा नव्हे, आणि आपलं कर्ज खातं त्याच्या आरशासारखं लिहा.

कारण सांगतो. तक्ता प्रत्येक महिना सारखा धरतो. बँक दिवस मोजते. आपलं कर्ज १ एप्रिलला सुटलं आणि हप्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो असं धरा. एप्रिलचे दिवस ३०. दहा लाख गुणिले १२ टक्के गुणिले ३० भागिले ३६५, व्याज येतं ९,८६३. तक्ता दहा हजार म्हणत होता. हप्ता गेल्यावर बाकी ९,८७,६१९. आता मे महिना, दिवस ३१:

```
=ROUND(987619*12%*31/365, 0)
```

उत्तर १०,०६६. बघा, बाकी कमी झाली तरी व्याज वाढलं! एप्रिलला ९,८६३ आणि मेमध्ये १०,०६६. इथंच लोक बँकेत भांडायला जातात, की आम्ही हप्ता भरला तरी व्याज कसं वाढलं. बँकेनं काही केलेलं नाही, एक दिवस जास्त आहे एवढंच. जूनला पुन्हा ३० दिवस, व्याज ९,६२१. तीन महिन्यांनंतर बँकेची बाकी ९,६२,८१८ आणि तक्त्याची ९,६२,९००. फरक ८२ रुपयांचा. छोटा आहे, पण तक्त्यावरून लिहिलेलं खातं बँकेशी कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि ते जुळलं नाही की खरी चूक कुठं आहे हे शोधता येत नाही.

म्हणून मी दोन वेगळ्या नोंदी करायला सांगतो. महिनाअखेर बँक कर्ज खात्यावर व्याज टाकते. त्या दिवशी जर्नलची नोंद: कर्जावरील व्याज खाते नावे ९,८६३, कर्ज खाते जमा ९,८६३. टॅलीत `F7`. व्याजाचं खातं `Indirect Expenses` खाली. या नोंदीनं क्षणभर कर्ज वाढतं, १०,०९,८६३ होतं, आणि ते खरंच तेवढं झालेलं असतं. मग हप्ता जातो. नोंद: कर्ज खाते नावे २२,२४४, चालू खाते जमा २२,२४४. टॅलीत `F5`. पूर्ण हप्ता, तुकडे न करता. कर्जाची बाकी आपोआप ९,८७,६१९.

म्हणजे हप्त्याची फोड करायची नाही, ती होते. व्याज एका नोंदीनं खर्चात गेलं, बाकी मुद्दल खात्यातून कमी झालं. आणि महिनाअखेर एकच तपासणी: आपल्या कर्ज खात्याची बाकी बँकेच्या उताऱ्याशी रुपयाला रुपया जुळते का. जुळली की संपलं.

एक घोळ मात्र टाळा. बँकेच्या उताऱ्यात व्याज 'डेबिट' दिसतं आणि हप्ता 'क्रेडिट'. ती बँकेची वही आहे, तिच्या बाजूनं आपण येणं आहोत. आपल्या वहीत बरोबर उलटं होतं. नवीन पोरं उताऱ्यातली बाजू तशीच उतरवतात आणि कर्ज दर महिन्याला वाढत जातं.

आणि बाकी जुळली नाही तर? बहुतेक वेळा कारण व्याजात नसतं. बँकेनं यंत्राच्या विम्याचा हप्ता परस्पर कर्ज खात्यावर टाकलेला असतो. प्रक्रिया शुल्क, समजा ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९००, हे चालू खात्याऐवजी कर्ज खात्यातून गेलेलं असतं. किंवा हप्ता आठ दिवस उशिरा गेला म्हणून दंड लागलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२४ पासून उशिराचा दंड व्याजाचा दर वाढवून घेता येत नाही, तो वेगळा आकार म्हणूनच लावायचा. तेव्हा वहीतही तो व्याजात मिसळू नका. विमा विम्याच्या खात्याला, शुल्क बँक खर्चाला, दंड दंडाला.

प्रश्न घेऊ या.

(श्रोता: मले एक सांगा. म्या धंद्यासाठी गाडी घेतली, दहा लाखाचं फायनान्स, पाच वर्षं. त्यानं सात टक्के म्हटलं होतं. हप्ता साडेबावीस हजार हाय. सात टक्क्यानं एवढा हप्ता कसा?)

छान आकडा दिलात. ते सात टक्के 'फ्लॅट' आहेत. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला सत्तर हजार, पाच वर्षांचे साडेतीन लाख, एकूण साडेतेरा लाख, भागिले साठ, बरोबर २२,५००. तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखांवर धरलेलं आहे. घटत्या बाकीच्या हिशेबानं हा दर जवळपास साडेबारा टक्के पडतो. आता वहीत काय लिहिता?

(श्रोता: साडेतीन लाख भागिले साठ. महिन्याला ५,८३३ व्याज.)

हेच चुकतं. कंपनी स्वतःच्या पुस्तकात पहिल्या महिन्याला साधारण १०,४१७ व्याज धरते, पुढं ते उतरत जातं. पहिल्या वर्षाचं तुमचं व्याज सत्तर हजार लिहिलं जातं, खरं असतं सुमारे १,१६,०००. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडं साडेतीन लाखच, म्हणून शेवटी सारखंच असं वाटतं. पण वर्षभरानं कर्ज एकरकमी फेडायला गेलात, तर तुमची वही आठ लाख बाकी दाखवेल आणि कंपनी आठ लाख सेहेचाळीस हजारांच्या वर मागेल. तेव्हा कंपनीकडून परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या. त्यात प्रत्येक हप्त्यातलं व्याज-मुद्दल वेगळं दिलेलं असतं, त्याप्रमाणे लिहा. इथं तक्ता चालतो, कारण कंपनीच तक्त्यानं चालते.

(श्रोता: कर्ज एप्रिलमध्ये उचललं, पण वीज जोडणीला उशीर झाला. मिल जुलैत सुरू झाली. मधलं व्याज खर्चात टाकायचं का?)

नाही. कर्जाच्या पैशातून घेतलेलं यंत्र वापरात येईपर्यंतचं व्याज आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. ते यंत्राच्या किमतीत मिळवायचं. आपल्या उदाहरणात एप्रिल, मे, जून मिळून २९,५५०. मग यंत्र १२,७९,५५० चं झालं आणि घसारा त्यावर. कर्ज खात्याची बाजू तीच राहते. फक्त जर्नलमध्ये व्याज खात्याऐवजी यंत्र खातं नावे होतं. मिल सुरू झाल्याची तारीख कुठून सिद्ध करायची, हे मात्र आधी बघून ठेवा. वीज जोडणीचा कागद आणि पहिलं बिल जपून ठेवा.

(श्रोता: मार्चला दोन हप्ते थकले असतील तर?)

बँक व्याज टाकतच राहते, म्हणून आपली जर्नलची नोंदही होते. ३१ मार्चला टाकलेलं व्याज उतारा एप्रिलमध्ये हाती आला तरी ३१ मार्चलाच लिहायचं. कर्जाची बाकी खरी दिसते. पण आयकर बँकेच्या व्याजाची वजावट प्रत्यक्ष भरल्यावरच देतो. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत ते भरलं तर त्याच वर्षी मिळते, नाहीतर ज्या वर्षी भराल त्या वर्षी. आणि थकलेलं व्याज बँकेनं नव्या कर्जात घालून दिलं, तर ते भरलं असं धरत नाहीत. म्हणून अशा खात्यात भरलेलं आणि न भरलेलं व्याज वर्षाखेरीस वेगळं काढून ठेवा. वकील किंवा सीए विचारणारच आहे.

त्याच दिवशी अजून एक काम. कर्जाच्या बाकीतून पुढच्या बारा महिन्यांत फेडायचं मुद्दल वेगळं काढा. आपल्या उदाहरणात ८,४४,७१७ पैकी सुमारे १,७५,००० पुढच्या वर्षाचे आहेत. इथं तो एक्सेलचा तक्ता कामी येतो, कारण पुढचा उतारा अजून छापलेला नाही. कॅश क्रेडिट वाढवायला गेलात की बँक हा आकडा चालू देण्यांत धरते. आपण वेगळा दाखवला नाही तर अधिकारी स्वतःच्या अंदाजानं धरतो, आणि तो अंदाज आपल्याला सोयीचा असेलच असं नाही.